टर्नटेबल रेंडर: इमेज सिक्वेन्स काढावा की थेट व्हिडिओ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात चादर आणि टॉवेलच्या पार्ट्या आता फोटोबरोबर फिरती क्लिपही मागतात. माल लूमवर चढायच्या आधीच डिझाइन बाहेरगावच्या खरेदीदाराला दाखवायचं असतं, म्हणून थ्रीडी मॉडेल, म्हणून टर्नटेबल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अशी कामं घेणारी मुलं वाढली आहेत आणि प्रश्न तेच तेच येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो.

सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. स्टँडवर टांगलेली मरून-काळी जकार्ड चादर, जिच्या मागच्या बाजूला नक्षी तीच पण रंग उलटे. मागे करडा पडदा, खाली पांढरी जमीन. ब्लेंडर, सायकल्स इंजिन, १९२० बाय १०८०, ३० एफपीएस, ३६० फ्रेम, म्हणजे बारा सेकंदांत एक फेरी. एका फ्रेमला दोन मिनिटं धरली तर बारा तासांचं रेंडर. रात्री लावायचं आणि सकाळी बघायचं, असं काम.

शेवटी पार्टीला एमपी४च द्यायची आहे. मग ब्लेंडरमधून सरळ एमपी४च का काढू नये?

कारण बारा तासांत लाईट जाऊ शकते, आणि एमपी४ला ते सोसत नाही. कुठली फ्रेम फाईलमध्ये कुठे आहे याची यादी या फाईलच्या आत असते. तिला मूव्ह अॅटम म्हणतात आणि साधारणपणे ती अगदी शेवटी, फाईल बंद करताना लिहिली जाते. २११वी फ्रेम चालू असताना पीसी बंद पडला तर आधीच्या २१० फ्रेमचा डेटा डिस्कवर पडलेला असतो, पण यादी नसते. प्लेयर फाईल उघडत नाही आणि `ffmpeg` म्हणतो `moov atom not found`. सात तासांचं रेंडर गेलं. एमकेव्ही कंटेनर यात जरा बरा, लिहिलं तिथपर्यंतचं चालतं. पण त्यानेही पुढचा प्रश्न सुटत नाही.

पुढचा प्रश्न असा: रेंडर पूर्ण झालं, आणि ८८ ते ९५ फ्रेममध्ये चादरीचा कोपरा जमिनीत घुसलेला दिसला. इमेज सिक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमची सुटी फाईल, असेल तर तेवढ्याच आठ फ्रेम पुन्हा काढायच्या, सोळा मिनिटांचं काम. व्हिडिओ असेल तर त्यातून आठ फ्रेम काढून नव्या बसवायच्या म्हणजे पुन्हा एन्कोड आणि पुन्हा क्वालिटीची घट. सहसा माणूस कंटाळून सगळंच परत रेंडरला लावतो.

थेट व्हिडिओ काढायला माझी हरकत एकाच ठिकाणी नाही: व्ह्यूपोर्टचा कच्चा प्लेब्लास्ट. फिरण्याचा वेग बरोबर वाटतो का, एवढंच बघायला. तो दोन मिनिटांत होतो आणि गेला तरी दुःख नाही.

लाईट परत आल्यावर कुठून सुरू करायचं?

फोल्डर उघडा आणि शेवटची धड फ्रेम कोणती ते बघा. नंबरच्या नव्हे, फाईल साइजच्या क्रमाने लावून बघा. अर्धवट लिहिलेली फाईल साइजवरून लगेच कळते, कारण टर्नटेबलमध्ये शेजारशेजारच्या फ्रेमची साइज जवळपास सारखीच असते. २१०वी धड असेल तर पुढचं असं लावता येतं:

```
blender -b chadar.blend -s 211 -e 360 -a
```

`-a` शेवटीच हवा. ब्लेंडर हे पर्याय डावीकडून उजवीकडे क्रमाने पाळतो, त्यामुळे `-a` आधी आला की तो आकडे वाचायच्या आधीच रेंडर सुरू करतो.

एक सापळा सांगून ठेवतो. दोन पीसींवर एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये रेंडर वाटून घेताना आउटपुटमध्ये `Overwrite` बंद आणि `Placeholders` चालू ठेवतात. प्रत्येक पीसी फ्रेम घेताना आधी त्या नावाची रिकामी फाईल टाकतो, म्हणजे दुसरा ती घेत नाही. सोय उत्तम. पण लाईट गेली की ती शून्य बाईटची फाईल तशीच राहते. पुन्हा रेंडर लावल्यावर ब्लेंडरला वाटतं ही फ्रेम झालेली आहे, आणि तो ती सोडून पुढे जातो. दोन पीसी असतील तर अशा दोन फाईल. पुन्हा लावायच्या आधी शून्य साइजच्या फाईल शोधून उडवायच्या.

३६० फ्रेमच का? आणि फेरी संपून परत सुरू होताना बारीक अडखळ दिसते, ती का?

अडखळ येते ती शेवटची फ्रेम पहिल्यासारखीच असल्यामुळे. ० अंशाची कीफ्रेम पहिल्या फ्रेमवर आणि ३६० अंशाची कीफ्रेम ३६०व्या फ्रेमवर ठेवली तर दोन्ही चित्रं एकच, आणि लूपमध्ये तेच चित्र दोनदा दिसतं. ३६० अंशाची कीफ्रेम ३६१व्या फ्रेमवर ठेवा, रेंडर मात्र ३६०पर्यंतच करा. इंटरपोलेशन लिनियर हवं. ब्लेंडरचं नेहमीचं बेझियर ठेवलं तर चादर प्रत्येक फेरीला हळू सुरू होऊन हळू थांबते.

३६०चा फायदा असा की दर फ्रेमला बरोबर एक अंश येतो. नंतर वेबसाइटवर बोटाने फिरवायचा ३६० व्ह्यू मागितला तर त्याला सुटी चित्रं लागतात, सहसा २४, ३६ किंवा ७२. हे तिन्ही आकडे ३६०ला भागतात. ३६ हवी असतील तर १, ११, २१ अशा फाईल कॉपी केल्या की झालं. २४० फ्रेमची फेरी असती तर ३६ आणि ७२ दोन्ही अडले असते. हे कामही सिक्वेन्स असला तरच सरळ होतं.

सिक्वेन्स ठरला. पण कशात? ८ बिट पीएनजी, १६ बिट पीएनजी की ईएक्सआर?

इथे सगळे बिटच्या आकड्यावर अडतात. खरा फरक वेगळ्या जागी आहे: तुमचा प्रकाश फाईलमध्ये पक्का झाला आहे की अजून मोकळा आहे?

पीएनजी काढताना ब्लेंडर आधी `View Transform` लावतो, मग पडद्यासाठीच्या एसआरजीबीत आकडे बसवतो, मग सेव्ह करतो. ८ बिट असो वा १६, हे होतंच. पडद्याच्या पांढऱ्यापेक्षा जास्त उजेड असलेला भाग, समजा टॉवेलच्या कडेवर पडलेला लाइटचा झोत, पांढऱ्यात दाबला जातो किंवा कापला जातो. १६ बिट केल्याने तो परत येत नाही. १६ बिटमध्ये पायऱ्या बारीक होतात, ८ बिटच्या २५६ ऐवजी ६५,५३६. पण वरचं टोक दोघांचं एकच.

ईएक्सआरमध्ये सीनमधला प्रकाश जसाच्या तसा, लिनियर आकड्यांत जातो. व्ह्यू ट्रान्सफॉर्म लागत नाही. पांढरा १ धरला तर झोताचा ७ किंवा १२ सुद्धा तसाच राहतो. `Float (Half)` म्हणजे १६ बिटचा हाफ फ्लोट पुरतो. त्यात उजेड दुप्पट होतो त्या प्रत्येक टप्प्याला १०२४ पायऱ्या मिळतात आणि वरची मर्यादा ६५,५०४ आहे. चादरीला याहून जास्त काय लागणार?

माझा हिशोब असा. डिझाइन पक्कं आहे, शेड मंजूर झाली आहे, पार्टी जुनी आहे: तर ८ बिट पीएनजी, डिदर चालू ठेवून. फोटोशॉपमध्ये किंवा एडिटिंगमध्ये थोडं लेव्हल्स-कर्व्हज फिरवावं लागेल असं दिसतंय: तर १६ बिट पीएनजी. पार्टी नवी आहे, ‘जरा उजेड वाढवा’, ‘जरा गडद करा’ हे येणारच आहे: तर ईएक्सआर हाफ. बारा तासांचं रेंडर पुन्हा लावण्यापेक्षा काही जीबी जागा स्वस्त पडते.

आणि तीच चादर सहा रंगांत दाखवा म्हणाले तर?

मग मल्टिलेयर ईएक्सआर आणि मास्क. इथे लोक डोळे झाकून क्रिप्टोमॅट चालू करतात. क्रिप्टोमॅट ऑब्जेक्ट किंवा मटेरियल वेगळं करून देतं. जकार्ड चादरीत मरून सूत आणि काळं सूत एकाच मटेरियलच्या टेक्स्चरमध्ये असतं, म्हणून क्रिप्टोमॅट अख्खी चादर हातात देतं, मरून सूत नाही. नक्षीचा काळा-पांढरा मास्क शेडरमध्ये `AOV Output` नोडला जोडा आणि तो वेगळा पास म्हणून काढा. तरीही क्रिप्टोमॅट हवंच असेल तर फाईल `Float (Full)` ठेवा आणि कॉम्प्रेशन लॉसलेस. त्याच्या आकड्यांत वस्तूची ओळख दडलेली असते, ती हाफमध्ये मोडते.

मास्कने रंग बदलण्याला मर्यादा आहे. मरूनची हिरवी केली तरी पांढऱ्या जमिनीवर चादरीजवळ पडलेली मरून झाक तशीच राहते. नीट बघा, खालच्या काठाशी हमखास दिसते. मरूनची किरमिजी करायची असेल तर मास्कने भागतं. मरूनची मोरपंखी करायची तर मी सरळ नवं रेंडर लावतो.

मागच्या करड्या पडद्यावर पट्टे दिसतात. १६ बिट केलं की जातील का?

गणित करून बघू. पडद्यावर करडा रंग डावीकडे ४० आणि उजवीकडे ६० आहे, २५५ पैकी. ८ बिटमध्ये मधल्या पायऱ्या वीस. १९२० पिक्सेल रुंदीत वीस पायऱ्या, म्हणजे प्रत्येक पट्टा ९६ पिक्सेलचा. इतका रुंद पट्टा डोळ्याला दिसतोच. १० बिटमध्ये त्याच जागेत ८० पायऱ्या, पट्टा २४ पिक्सेलचा, आणि तो सहसा दिसत नाही.

पण तुमची शेवटची एमपी४ ८ बिटचीच असेल तर १६ बिटच्या पायऱ्या तिथे पोहोचतच नाहीत. उलट व्हिडिओत उजेड १६ ते २३५ एवढ्याच आकड्यांत बसतो, म्हणजे २५६ नव्हे तर २२० पायऱ्या. उपाय आहे डिदर: पायरीच्या सीमेवर बारीक दाणे टाकून ती पुसून टाकायची. ब्लेंडरच्या `Post Processing` मध्ये `Dither` आहे, तो १ वर ठेवा. पीएनजी उघडून पट्टे गेले का बघा.

पीएनजीत गेले आणि एमपी४त परत आले, तर एन्कोडरने ते दाणे खाल्ले आहेत. कमी बिटरेटला बारीक दाणे त्याला फुकटचा खर्च वाटतात. `crf` २३ वरून १६ च्या आसपास आणा, त्याने फाईल मोठी होईल पण पट्टे जातील. त्यानेही भागलं नाही तर पडद्याला थोडं टेक्स्चर द्या. कापडाच्या धंद्यात मागे कापडाचाच पडदा असल्याचं कुणाला खटकत नाही.

मरून रंग शेड कार्डशी जुळत नाही, रेंडरमध्येच मळकट दिसतो.

व्ह्यू ट्रान्सफॉर्म बघा. ब्लेंडर ४.० पासून सुरुवातीलाच `AgX` असतो. खोलीचं किंवा बाहेरचं दृश्य असेल तर तो सुंदर, झगझगीत उजेड हळुवार सांभाळतो. पण ते करताना उठावदार रंग थोडे फिके करतो. चादरीच्या पार्टीला दृश्य नको असतं, शेड हवी असते. मालाच्या कामाला मी `Standard` ठेवतो आणि पांढरी जमीन कापली जाणार नाही इतके लाइट कमी करतो. `Standard` वरचा उजेड सरळ कापतो, तेवढं लक्ष द्यावं लागतं.

सीनमध्ये एका बाजूला शेड कार्डच्या रंगाचा सपाट चौकोन ठेवून एक फ्रेम काढा. चौकोनाचा आकडा कलर पिकरने बघा. आकडे जुळले की बारा तासांचं रेंडर लावा. आणि पार्टीला आधीच सांगून ठेवा की पक्की शेड कापडाच्या तुकड्यावरच ठरेल. प्रत्येकाच्या फोनचा पडदा वेगळा, त्यातून अर्ध्यांचा नाइट मोड चालू.

ईएक्सआर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर काळपट आणि भडक दिसते. रेंडर बिघडलं का?

नाही. आत लिनियर आकडे आहेत आणि सॉफ्टवेअर ते रूपांतर न करता पडद्यावर ओततंय. मधला करडा लिनियरमध्ये ०.१८ असतो. एसआरजीबीत बसवला की तो ११८च्या आसपास दिसायला हवा. सरळ ओतला तर ४६ दिसतो, म्हणून काळपट. त्या फाईलचं इनपुट लिनियर आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं की `Standard` सारखं चित्र येतं. रेंडर बघताना `AgX` असेल तर मात्र दुसरीकडे तसंच दिसण्यासाठी ब्लेंडरचं कलर कॉन्फिगरेशन तिथे लावावं लागतं.

सोपा रस्ता: ईएक्सआर सिक्वेन्स ब्लेंडरच्याच कंपोझिटरमध्ये इमेज नोडने आणा, एक्स्पोजर-रंग ठरवा, आणि तिथून पीएनजी काढा. रेंडर नसल्यामुळे ३६० फ्रेम झरझर निघतात.

पीएनजीत रंग अगदी बरोबर आहे. एमपी४ केली की मरून विटकरी होतो. हे काय आहे?

सोलापुरात हा प्रश्न सर्वात जास्त येतो, कारण आपल्याकडे मरून आणि लाल यांच्यावरच सगळा खेळ. नव्वद टक्के लोक बिटरेट वाढवून बघतात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

चित्रात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. व्हिडिओत एक उजेडाचा आणि दोन रंगफरकाचे असे तीन. एकातून दुसऱ्यात जायचं सूत्र एक नाही, इथे कामाची दोन आहेत: जुन्या एसडी टीव्हीचं बीटी.६०१ आणि एचडीचं बीटी.७०९. `ffmpeg` ला काही सांगितलं नाही तर पीएनजीवरून व्हिडिओ करताना बऱ्याच आवृत्त्यांत तो ६०१चं सूत्र वापरतो आणि फाईलवर कुठलं वापरलं ते लिहितही नाही. फोन किंवा ब्राउझर बघतो की १०८०चा व्हिडिओ आहे, चिठ्ठी नाही, म्हणजे ७०९ असणार. कुलूप एका किल्लीने लावलं आणि दुसऱ्या किल्लीने उघडलं.

आपल्या चादरीचा मरून पीएनजीत १५०, २०, ३० आहे. ६०१ने बांधून ७०९ने सोडवला तर तो साधारण १६१, ३३, २९ होतो. लाल वाढला, हिरवा वीसचा तेहतीस झाला, निळा होता तिथेच. म्हणून रंग उजळ आणि विटकरी दिसतो. करडा पडदा मात्र तसाच राहतो, कारण करड्यात रंगफरक शून्य असतो. हीच ओळखायची खूण: करडा जागेवर आणि मरून सरकलेला असेल तर सूत्राची गडबड. करडाही फिका किंवा गडद झाला असेल तर दोष रेंजचा, गॅमाचा किंवा ट्रान्सफॉर्मचा.

दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगायच्या, सूत्र कुठलं वापर आणि चिठ्ठी कुठली लाव:

```
ffmpeg -framerate 30 -i chadar_%04d.png \
 -vf "scale=out_color_matrix=bt709:out_range=tv,format=yuv420p" \
 -c:v libx264 -crf 16 -preset slow \
 -colorspace bt709 -color_primaries bt709 \
 -color_trc bt709 -color_range tv \
 -movflags +faststart chadar.mp4
```

`-vf` ची ओळ सूत्र बदलते. खालच्या `-color` वाल्या ओळी फक्त चिठ्ठी लावतात. नुसती चिठ्ठी लावून आतलं सूत्र ६०१च ठेवलं तर खोटी चिठ्ठी लागते, आणि ते चिठ्ठी नसण्यापेक्षा वाईट. `-framerate` हा `-i` च्या आधीच हवा, नाहीतर `ffmpeg` २५ धरतो आणि बारा सेकंदांची फेरी साडेचौदा सेकंदांच्या जवळ जाते. विंडोजमध्ये हे एका ओळीत लिहा, ओळींच्या शेवटच्या उलट्या तिरक्या रेघा काढा. बॅच फाईलमध्ये टाकत असाल तर `%04d` चं `%%04d` करा.

मी एमपी४मधून एक फ्रेम `ffmpeg` ने परत पीएनजीत काढली, रंग बरोबर आला. मग फाईल बरोबरच ना?

ही तपासणी फसवी आहे. चिठ्ठी नसेल तर `ffmpeg` परत काढतानाही ६०१च धरतो. जाताना तीच चूक, येताना तीच चूक, दोन्ही कटली. पार्टीच्या फोनला हे माहीत नसतं. तपासायचं ते ब्राउझरमध्ये उघडून, शेजारी मूळ पीएनजी ठेवून. आणि चिठ्ठी वाचायची ती अशी:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt,color_range,color_space,color_transfer,color_primaries,nb_frames chadar.mp4
```

`color_space` समोर `bt709` हवं, `unknown` नको. `nb_frames` ३६० हवं. कमी आलं तर सिक्वेन्समध्ये मध्येच एखादा नंबर गायब आहे.

पीएनजी ब्लेंडरच्याच व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये टाकून एमपी४ काढली. सगळंच धुतल्यासारखं फिकं झालं.

ट्रान्सफॉर्म दोनदा लागला. पीएनजीत `AgX` आधीच पक्का झालेला होता, आणि सिक्वेन्सरमधून बाहेर पडताना सीनच्या सेटिंगप्रमाणे तो पुन्हा लागला. सिक्वेन्सरसाठी वेगळी ब्लेंड फाईल करा आणि तिचा `View Transform` `Standard` ठेवा. तयार पीएनजी `Standard` मधून जशाच्या तशा बाहेर पडतात.

काळ्यावरची मरून बारीक रेघ व्हिडिओत पसरते, पीएनजीत मात्र कोरीव आहे.

हे ४:२:० मुळे. साध्या एमपी४त उजेड प्रत्येक पिक्सेलचा असतो, पण रंग चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच. म्हणजे १०८०च्या व्हिडिओत रंगाचं चित्र ९६० बाय ५४०. पांढऱ्यावरच्या काळ्या रेघेला फरक पडत नाही, कारण तिथला फरक उजेडाचा आहे. मरून आणि काळा यांच्यात उजेडाचा फरक कमी आणि रंगाचा जास्त, म्हणून आपली चादर नेमकी यात सापडते.

४:४:४ ने हे सुटतं, पण अशी एमपी४ बऱ्याच फोनवर चालत नाही. चालणारा उपाय म्हणजे ३८४० बाय २१६०चं रेंडर आणि तेवढीच एमपी४. मग रंगाचं चित्रही १९२० बाय १०८० मिळतं. पिक्सेल चौपट, म्हणून रेंडरचा वेळही चौपटीकडे जातो. मी हे फक्त बारीक नक्षीच्या मालाला सुचवतो. रुंद पट्ट्यांच्या चादरीला गरज नाही.

मग १० बिटची एमपी४ द्यावी का?

पार्टी ती व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवणार असेल तर नाही. तिथे ती पुन्हा दाबली जाते आणि तुमची मेहनत वाया जाते. १० बिटची एच.२६४ अनेक फोनना हार्डवेअरवर चालवताही येत नाही, काळा पडदा किंवा अडखळ दिसते. प्रदर्शनातल्या मोठ्या टीव्हीसाठी हवी असेल तर १० बिटची एचईव्हीसी करा, आणि त्याच टीव्हीवर पेनड्राइव्हने आधी चालवून बघा.

मॅकवर तीच क्लिप थोडी फिकी का दिसते?

७०९ची गॅमा-चिठ्ठी मॅक वेगळी वाचतो, म्हणून सावल्या उजळतात. क्लिप मुख्यतः मॅकवर बघितली जाणार असेल तर `-color_trc` ला `iec61966-2-1` द्या. बाकी ठिकाणी ७०९ ठेवा.

पडद्याशिवाय, पारदर्शक चादर मागितली तर?

साध्या एच.२६४ एमपी४त पारदर्शकता नसते. वेबसाइटला व्हीपी९ची वेबएम, एडिटरला प्रोरेस ४४४४, किंवा सरळ आरजीबीए पीएनजीच द्या. `Film` मध्ये `Transparent` रेंडरच्या आधी चालू हवं, मागून पडदा कापत बसायची वेळ येऊ देऊ नका.

एवढ्या फाईल ठेवायच्या कुठे? किती दिवस?

दाबण्याआधीचा हिशोब धरा. १०८०ची एक फ्रेम ८ बिट आरजीबीत ६.२ एमबी, १६ बिटमध्ये १२.४, आरजीबीए हाफ ईएक्सआरमध्ये १६.६. ३६० फ्रेमचे अनुक्रमे सव्वादोन, साडेचार आणि सहा जीबी. लॉसलेस कॉम्प्रेशनने हे कमी होतं, पण सुताचा पोत आणि रेंडरचे दाणे नीट दबत नाहीत, फार आशा ठेवू नका. ईएक्सआरला `DWAA` लावला तर साइज खूप उतरते. तो लॉसी आहे, नुसत्या रंगाच्या पासला चालतो, मास्क आणि क्रिप्टोमॅटला नाही.

माझ्याकडे पार्टीने फायनल म्हटल्यावर ईएक्सआर पहिल्यांदा जातात. पीएनजी ठेवतो, कारण पुढच्या सीझनला तीच चादर वेगळ्या मापात, चौकोनी किंवा उभ्या क्लिपमध्ये मागतात आणि कापायला पीएनजी लागतात. ब्लेंड फाईल टेक्स्चर आत पॅक करून ठेवतो. एमपी४ ठेवली नाही तरी चालतं, पीएनजीवरून पाच मिनिटांत परत होते. त्यासाठी वरचा `ffmpeg` चा आदेश त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाईलमध्ये टाकून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळीही मरून तोच येतो.